पान दोनशे अकरा

लेखात गीतेतल्या एका श्लोकाचं मराठी दिलं होतं, खाली ‘गीता, पान २११’ असं लिहून. लेख परत आला. मासिकाच्या कचेरीतून, समासात तांबड्या पेन्सिलीने एकच प्रश्न घेऊन: ‘कोणत्या गीतेचे पान २११?’

आता गीता काय दहा आहेत? तणतणत कचेरीत गेलो. पेन्सिलीचे मालक निवृत्त मास्तर निघाले. काही न बोलता त्यांनी कपाटातून तीन गीता काढल्या आणि माझ्यासमोर तिन्हींत पान २११ शोधलं. एकीत सहावा अध्याय, दुसरीत आरती, तिसरी खिशातली, ती १९२ पानांतच संपलेली.

“वाचकाने तुमच्या घरी यायचं का पान बघायला?”

मी मुकाट्याने पान खोडून १३.१ लिहिलं. इदं शरीरं कौन्तेय, शरीर म्हणजे क्षेत्र. मास्तरांचा चेहरा उजळला. मासा गळाला लागल्यावर उजळतो तसा.

“तुमच्या तेराव्यात श्लोक किती?”

चहावाला पोऱ्यासुद्धा थांबला. काही प्रतींत तेरावा अध्याय अर्जुनाच्या प्रश्नाने सुरू होतो, ‘प्रकृतिं पुरुषं चैव’. तिथे पस्तीस श्लोक आणि माझा श्लोक दुसरा. इतर प्रतींत तो प्रश्नच नाही. तिथे चौतीस श्लोक, गीता सातशेची आणि माझा श्लोक पहिला. म्हणजे आकडा दिला तरी सुटका नाही, पाठ कोणता तेही सांगायचं. अर्जुनाला तरी नेमका इथेच प्रश्न पडायचा होता!

“बरं, हे मराठी कोणाचं?”

“गीतेचं.”

“श्रीकृष्ण मराठीत बोलले?”

माझी प्रत आजीची. मुखपृष्ठ आणि पहिली आठ पानं कधीच गेलेली, त्यांच्याबरोबर भाषांतरकारही. मास्तर म्हणाले, “अनामिकाचे शब्द चालणार नाहीत. ‘क्षेत्र’ला एक जण क्षेत्रच ठेवतो, दुसरा शेत करतो. तुमचा अख्खा परिच्छेद शेतावर उभा आहे. उद्या कोणी विचारलं तर श्रीकृष्णाकडे बोट दाखवणार?”

हे बरोबर होतं, म्हणूनच जास्त लागलं.

मी शेवटचा बाण सोडला. प्लेटोला तर पानांनीच उद्धृत करतात की! ‘रिपब्लिक’मधला गुहेचा दृष्टान्त म्हणजे ५१४अ. मास्तर गोड हसले. “हो, पण ती पानं १५७८च्या स्तेफानुसच्या आवृत्तीची. ते आकडे आता बहुतेक आवृत्त्यांच्या समासात छापतात. तुमच्या आजीच्या प्रतीची पानं कोण छापणार?” प्रस्तावनेतलं किंवा टीपेतलं काही घेतलं तर पान द्यायचं, तेही आवृत्ती आणि सालासकट, एवढी सूट मिळाली.

रात्री स्वतःच भाषांतर केलं. दोन ओळींना अडीच तास लागले. खाली लिहिलं: भगवद्गीता १३.१ (चौतीस श्लोकांचा पाठ), भाषांतर प्रस्तुत लेखकाचे. मास्तरांनी मान डोलावली. त्या मानेसाठी मी चार दिवस घातले होते.

काल अंक आला. छापलंय: ‘गीता, पान १३.१’.

मास्तर म्हणतात, मुद्रणदोष आहे. मग तांबडी पेन्सिल तेव्हा कुठे चरायला गेली होती?