खिडकीजवळचा कांदा का सडला

प्रतिक्रिया: "ताई, तुमचा 'पावसाळ्याआधी कांदा भरून ठेवा' हा लेख वाचून मार्चअखेर २० किलो लाल कांदा घेतला, स्वस्त होता. तुम्ही सांगितलंत तसा गोणीतून काढून खिडकीजवळ हवेशीर टोपल्यांत ठेवला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या कांद्यांना कोंब, काहींची मान दाबली तर बोट आत जातं, सालीखाली काळी पूड. लसूण फ्रिजमध्ये ठेवला होता, त्यालाही हिरवे कोंब. आम्ही चिपळूणला राहतो. घाटावरचे सल्ले इथे चालत नाहीत, हे आधी लिहायला काय झालं होतं?"

ताई, राग योग्य आहे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. तो लेख लिहिताना डोळ्यांसमोर आमच्या मळ्यातली कांदाचाळ होती, आणि 'हवेशीर' हा शब्द मी तिकडच्या हवेच्या भरवशावर लिहून टाकला. सासर अलिबागजवळ असूनही हे सुचलं नाही, याची जास्त लाज वाटते.

पण आधी कांद्याचं बोलू, कारण निम्मं नुकसान खिडकीजवळ जाण्याआधीच ठरलेलं होतं. मार्चअखेर स्वस्त मिळालेला लाल कांदा हा बहुतेक रांगडा असणार. खरिपाचा लाल आणि त्यामागून येणारा रांगडा हे दोन्ही खाण्याचे कांदे, ठेवण्याचे नव्हेत. त्यांची मान जाड असते, साल पातळ असते आणि झोप लवकर उडते. महिना-दीड महिन्यानंतर त्यांना कोंब येणारच, मग घर चिपळूणचं असो की चांदवडचं. टिकतो तो एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा, ज्याला काही भागांत गरवा म्हणतात. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण आमच्याकडे 'भरून ठेवायचा कांदा' म्हटलं की उन्हाळीच गृहीत असतो. ती चूक माझी.

घेताना मान बघा. ती बारीक, मिटलेली आणि चिमटीत धरल्यावर कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. दबली किंवा ओलसर लागली, तर तो कांदा त्याच आठवड्यात संपवा. शेतात पात वाळवून, वर दोनेक सेंटीमीटर मान ठेवून कापतात आणि मग सावलीत दहा-बारा दिवस पसरून ठेवतात, ते ही मान बंद व्हावी म्हणून. ती उघडी राहिली की जिवाणू तिथूनच खाली उतरतात. तुमचं बोट आत गेलं ती जागा हीच. फुलाचा दांडा आलेले डेंगळे आणि जोडकांदे बाजूला काढा. डेंगळ्याच्या मधोमध तो दांडा असतो. तो सडला की आतपर्यंत वाट मोकळी होते. मध्यम आकाराचे, दोन-तीन पत्ती घट्ट असलेले आणि हलवल्यावर खुळखुळ वाजणारे कांदे निवडून घ्या.

आता खिडकी. निफाडला चाळीच्या तळातून आणि बाजूंनी वारा खेळवतात, कारण तिथली हवा कांद्यातली ओल उचलून नेते. चिपळूणला जुलैत खिडकीतून येणारी हवा स्वतःच भिजलेली असते, ती काय नेणार? कांद्याला आर्द्रता ६५ ते ७० टक्के मानवते. त्याच्या बरीच वर गेली की बुडाला पांढरी मुळं फुटतात, आणि ८०च्या पुढे उबदार हवेत काळी बुरशी धरते. तुमच्या टोपल्यांतल्या काही कांद्यांच्या बुडाला केसासारखी मुळं दिसतील. दिसली तर जागा ओली होती असं समजा.

सासूबाई कांद्याच्या वेण्या चुलीच्या वरच्या वाशाला टांगायच्या. मला आधी वाटायचं, धुराने किडे येत नाहीत म्हणून असेल. खरं काम उष्णतेचं आहे. २६ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३१ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यात पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता ६७ टक्क्यांवर येते. म्हणजे फक्त पाच अंशांत चिपळूणच्या हवेची चाळीची हवा होते. वेणीचा दुसरा फायदा असा, की प्रत्येक कांदा सुटा लोंबतो आणि एक सडला तर शेजाऱ्याला पाणी लागत नाही.

चूल नसेल तर उबेची जागा शोधा. माझ्याकडे आर्द्रतामापक आहे, साधा, स्वस्तातला. मागच्या जुलैत स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ ८८ दाखवत होता आणि फ्रिजच्या वर, मागच्या कडेला ७१. आमचा फ्रिज जुना आहे, मागच्या जाळीतून गरम हवा वर येते. नव्या फ्रिजच्या बहुधा बाजू तापतात, म्हणून हात लावून बघा. तिथे जाळीच्या पिशवीत तीन-चार किलो कांदे टांगा, पण फ्रिजची हवा कोंडू नका. गॅसच्या वर मात्र नको, तिथे भाताची वाफ जाते. दुसरा उपाय लाकडी खोक्याचा: तळाशी ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, वर फळीवर एकच थर कांदे. एलईडीने ऊब मिळत नाही. बल्ब आणि सुकी साल यांत वीतभर अंतर हवंच, आणि घरात कोणी नसताना बंद ठेवा. पंख्याने ओल वरवर सुकते, हवेतली आर्द्रता कमी होत नाही.

फ्रिजमधल्या लसणाची गोष्ट वेगळी. लसणाला थंडी म्हणजे झोपेतून उठायचा निरोप. साधारण पाच ते पंधरा अंशांत तो सर्वांत लवकर कोंबतो, आणि आपला फ्रिज नेमका त्या टप्प्याच्या खालच्या टोकाला चालतो. अख्खा गड्डा बाहेरच, त्याच उबेच्या जागी, पातीची जुडी असेल तर टांगून ठेवा. कोंब आलेला लसूण खायला चालतो, थोडा कडवट लागतो, इतकंच. पाकळ्यांवर निळसर-हिरवी भुकटी असेल तर मात्र फेका. सोललेला लसूण फ्रीझरमध्ये ठेवा. तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची पद्धत सध्या सगळीकडे दिसते, ती करू नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोटुलिझमचे जिवाणू वाढू शकतात. वासावरून ते कळत नाही.

किती भरायचे, हेही बदलून सांगते. मेच्या शेवटी आठ-दहा किलो पुरे. ऑगस्टमध्ये तुमच्या बाजारात येणारा कांदा बहुतेक घाटावरच्या चाळीतूनच आलेला असतो. तिथल्या चांगल्या चाळीतही चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा सहज जातो. ती झळ आपण घरात कशाला घ्यायची?

आता घरात उरलेल्यांचं. आज सगळे वर्तमानपत्रावर सुटे पसरा आणि प्रत्येकाची मान दाबून बघा. मऊ आणि आंबूस वासाचे लगेच बाहेर काढा. एकाच्या पाण्याने शेजारचे चार जातात. काळी पूड फक्त वरच्या सालीत असेल तर ती साल आणि खालची एक पत्ती काढून कांदा धुऊन वापरा; आत उतरली असेल तर टाका. घरात कुणाला दमा असेल तर साली घराबाहेर काढा. कोंब आलेले आधी संपवा: उभे चिरून, मंद आचेवर तळून, बिरिस्ता करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोंबही चिरून पातीसारखे झुणक्यात टाका.

मूळ लेखात 'खिडकीजवळ' खोडून तुमच्या प्रतिक्रियेचा दुवा दिला आहे.