"जास्त विचार करतेस" म्हटलं की प्रश्न मिटत नाही

"नवरा म्हणाला तू उगाच जास्त विचार करतेस, तर तो बरोबरच असतो. खरंच काही असतं तर पुरावा हाती लागला असता. संशय म्हणजे मनाचे खेळ." असं सर्रास ऐकायला मिळतं.

"जास्त विचार करतेस" हा शेरा तुमच्या वागण्यावर झाला, घडलेल्या गोष्टीवर नाही. "गॅलरीत जाऊन कोणाशी बोललास?" असं विचारल्यावर "राईचा पर्वत करतेस" असं ऐकायला मिळालं, तर फोन कोणाचा होता हे अजून कळलेलंच नाही. आवाज चढला असेल तर चढला म्हणून कबूल करावं. प्रश्न मात्र मागे घेऊ नये.

आता पुरावा. माझी मावसबहीण पाथर्डी फाट्याला राहते, नवरा अंबडला एका कारखान्यात आहे. फोन आला की तो उठून बाहेर जायचा. कपाटातलं पासबुकही जागेवर नव्हतं. हिने मनाशी दुसरी बाई ठरवूनच टाकली. मी तिला वहीत दोन रकाने पाडायला लावले. डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते, तारीख-वेळ घालून. उजवीकडे आपल्याला काय वाटलं ते. काहीच घडलं नाही तो दिवसही लिहायचा, कारण एरवी संशयाला जुळेल तेवढंच लक्षात राहतं.

महिनाभरात बाहेर जाऊन घेतलेले फोन निघाले ९. त्यातले ७ पाच ते बारा तारखेच्या दरम्यान, रविवारी एकही नाही. प्रेमप्रकरण कशाला पगाराची तारीख बघेल? कर्जाचा हप्ता बघतो. मग तिने एवढंच विचारलं, "आठ तारखेला सव्वासहाला कोणाचा फोन होता?" तो आधी चिडला. दोन दिवसांनी सांगितलं: मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो, त्याने हप्ते थकवले, आता वसुलीवाले मला फोन करतात. तिला दिसलं होतं ते खरंच होतं, लावलेला अर्थ चुकला होता. आणि लपवलेलं कर्ज ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

मनाच्या खेळाचं म्हणाल, तर त्यात थोडं तथ्य आहे. नुसत्या बोलण्या-वागण्यावरून खोटं ओळखण्याच्या अनेक प्रयोगांचा २००६ साली एकत्र आढावा घेतला गेला. लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर आला होता, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरा. म्हणून "नजर चोरली" हे डावीकडे लिहायचं नाही, उजवीकडे. पूर्वी कोणी फसवलं असेल तर साधी गोष्टही टोचते. अशा वेळी उजवा रकाना झाकून डावा तेवढा विश्वासातल्या एखादीला वाचायला द्यावा आणि तिला काय वाटतं ते आधी ऐकावं.

ही वही चालते ती विचारण्याची भीती नसलेल्या घरात. विचारल्यावर हात उगारला जात असेल, फोन हिसकावला जात असेल, माहेरी बोलणं तोडलं जात असेल, तर घरात वही लपवत बसू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.