भिजल्यावरची हुडहुडी: गोळी, ब्रँडी आणि घाम काढणं

"पावसात भिजून हुडहुडी भरली की लगेच तापाची गोळी घ्या, दोन झाकण ब्रँडी पाजा, दारं-खिडक्या लावून शेगडीपाशी बसा आणि गोधड्यांखाली दरदरून घाम काढा. थरथर थांबली की धोका टळला, मग ताप येतच नाही. सर्व शेतकरी बांधवांना पाठवा."

असा एक मजकूर मोबाइलवर फिरतोय. त्यातलं आधी गोळीचं बघू. भिजून आलेला माणूस थरथरतो तेव्हा त्याचं शरीर स्नायू हलवून ऊब तयार करत असतं. अंग गार पडलंय, ते पुन्हा नेहमीच्या पातळीवर आणायचंय, एवढंच त्याचं काम. तापात उलटं होतं. मेंदू ती पातळीच वर नेऊन ठेवतो, म्हणजे समजा 98 ऐवजी 102, आणि तिथवर पोहोचायला शरीर थरथरू लागतं. पॅरासिटामॉल ही वर गेलेली पातळी खाली आणते. ती वर गेलेलीच नसेल तर गोळीला करण्यासारखं काही उरत नाही. वर तोटा असा की खरोखर ताप येत असेल तर पुढचे चार-सहा तास तो झाकला जातो. त्यातच मेडिकलवाल्यानं सर्दीची म्हणून दिलेली गोळीही घेतली, तर तिच्यातही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. दुहेरी डोस पोटात जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

ब्रँडीनं गरम वाटतं, हे खरं आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतलं गरम रक्त बाहेरच्या अंगाला येतं, म्हणून तसं वाटतं. तीच ऊब मग हवेत निघून जाते. दारूनं थरथरही कमी होते, म्हणजे शरीराची ऊब बनवायची सोयच बंद पडते. आमच्याकडं भिजल्यावर ज्यांची तब्येत खरोखर बिघडते, त्यांत वाटेत कुठंतरी बसून 'घेऊन' आलेले बरेच असतात. त्यांचं बरळणं नशेचं की गारठ्याचं, हे घरच्यांना कळत नाही.

शेगडीबद्दल जास्त बोलायची गरज नाही. बंद खोलीत कोळसा किंवा गोवऱ्या जाळल्या की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. शेकायचंच असेल तर पडवीत किंवा दार उघडं ठेवून शेका.

आता थरथर थांबण्याविषयी, कारण त्या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. ऊब आल्यावर, बोलणं नीट असताना, हात गरम लागत असताना थरथर थांबली तर चांगलंच. पण अंग गारच आहे, माणूस सुस्त झालाय, शब्द अडखळताहेत, शर्टाचं बटण काढता येत नाही, चालताना झोकांड्या जाताहेत आणि अशात थरथर थांबली, तर शरीराची ताकद संपत चालली आहे. आतलं तापमान 32 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की हे होतं. मराठवाड्यात कुठं एवढी थंडी, असं कुणी म्हणेल. परतीच्या पावसात हवा वीस-बावीस अंशांची असली तरी ओले कपडे आणि चालत्या ट्रॉलीवरचा वारा दोन-तीन तासांत म्हाताऱ्या, किडकिडीत, उपाशी माणसाचं अंग गार करू शकतात. सप्टेंबर 2025 मध्ये बीड, धाराशिव, लातूरकडं पाणी शेतात-घरात शिरलं, तेव्हा माणसं किती वेळ ओल्यात होती ते आपण पाहिलंच आहे. अशा सुस्त माणसाला चालवू नका, हातपाय रगडू नका, तोंडात चहा ओतू नका. आडवं ठेवा, ओलं काढा, पांघरूण घाला आणि 108 ला फोन लावा.

बाकीच्यांचं घरीच भागतं. समजा, पासष्टीचे आप्पा सोयाबीन झाकताना चार वाजता भिजले, ओढ्यातल्या मांडीभर पाण्यातून आले आणि सातला ट्रॉलीतून घरी पोहोचले. दात वाजताहेत, ओठ काळे-निळे, पण बोलणं ठीक. पहिलं काम चुलीपाशी नेण्याचं नाही, कपडे उतरवण्याचं. धोतर, बनियन, डोक्याचा पटका, सगळं. कोरड्या टॉवेलनं टिपून घ्यायचं, केस आणि काखासुद्धा. मग कोरडे कपडे, डोक्याला उपरणं आणि खाली-वर वाकळ, कारण फरशीही ऊब ओढते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून छातीपाशी आणि काखेत ठेवायची. पायाला लावायची नाही. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि साखरेचा पेशंट असेल तर अजिबातच कळत नाही. कोमट, चांगला गोड चहा घोट-घोट. साखर इथं कामाची आहे, थरथरायलाही इंधन लागतं. अर्ध्या-एक तासात थरथर ओसरते, तळहात गरम होतात. घाम काढण्यात मात्र काही कमाई नाही. घामानं अंग पुन्हा ओलं होतं आणि पाणी कमी पडतं ते वेगळंच. तान्ह्या बाळाला तर नीट थरथरताही येत नाही, त्याला कोरडं करून आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून पांघरूण घालायचं.

कोरड्या अंथरुणात तासभर झाला तरी थंडी वाजतेच आहे, किंवा थांबलेली थंडी रात्री पुन्हा भरली, तर विचार तापाचा करायचा. हात लावून बघताना लोक हमखास फसतात: ताप चढत असताना हातपाय गारच असतात आणि पोट, मान भाजत असते. म्हणून थर्मामीटर. काख पुसून घ्या, दंड अंगाशी दाबून धरा, बीप होईपर्यंत हलवू नका. चहा नुकताच प्यालेला असेल तर तोंडात लावू नका. पहिल्यांदा आकडा साधा आला तरी अर्ध्या तासानं पुन्हा बघा, कारण थंडी आधी वाजते आणि पारा मागून चढतो. 100.4 फॅरनहाइटला ताप धरा. काखेतला आकडा थोडा कमीच येतो, हे ध्यानात असू द्या. ताप निघाला की गोधड्यांचा ढीग काढून एक चादर ठेवायची. आता मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही, पण लिव्हरचा आजार किंवा रोजची दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्याच रात्री ताप आला तर तो पावसानं आणलेला नसतो. जंतू आधीच अंगात होते. पावसाळी पाण्यातून आणि डासांमधून येणारे ताप उशिरा येतात: डेंग्यू डास चावल्यावर चार ते दहा दिवसांनी, मलेरिया साधारण दहा-पंधरा दिवसांनी, लेप्टो बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांत. म्हणजे आप्पांना नवव्या दिवशी दुपारी कापरं भरलं, 102 ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या धरवेनात, तर कुणाला ओढा आठवणारच नाही. आठवायला हवा. लेप्टो उंदीर आणि जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून शिरतो. वेळेत साधं अँटिबायोटिक मिळालं तर बहुतेकांचा आवरतो, लांबला तर किडनी आणि लिव्हरवर जातो. पावसाळी तापात डेंग्यू आहे की नाही हे कळेपर्यंत अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्रावाची भीती असते.

कापरं भरून आलेला ताप असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. धाप, लघवी कमी होणं, डोळे पिवळे, हिरड्यांतून रक्त, सारख्या उलट्या, बरळणं यातलं काहीही दिसलं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असला, तर थेट मोठा दवाखाना. डॉक्टरांना आपणहून सांगायचं: कोणत्या दिवशी भिजलो, कुठल्या पाण्यातून चाललो, पायाला जखम होती का, थंडी कोणत्या वेळी भरते आणि कोणत्या गोळ्या किती वाजता घेतल्या. गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या, नावं तोंडपाठ नसतात.