११२ पानं आणि शेजारचे काका

फ्लॅटच्या करारनाम्याचा मसुदा मी पंधरवडाभर मागत होतो. मिळाला तो थेट दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायरीवर. पानं ११२, टोकन तासाभरावर. बिल्डरचा माणूस म्हणाला, "सर, स्टँडर्ड आहे, नुसत्या सह्या करायच्यात."

मी बाकावर बसलो आणि गठ्ठा मागून उघडला.

"मागून?" शेजारचे काका दचकले. कुणाचे तरी साक्षीदार म्हणून आले होते आणि दुसरं काहीच काम नव्हतं. "पोथी कुणी मागून वाचतं का? मी आमचा करार पहिल्या पानापासून वाचला होता."

"पूर्ण झाला?"

"ताबा मिळाला तेव्हा बत्तिसाव्या पानावर होतो."

त्यांना काय सांगणार? सुरुवातीची तीसेक पानं 'ज्याअर्थी'ची; जमीन कुणाच्या आजोबांकडून कुणाकडे गेली, हे वकिलाने टायटल रिपोर्टात आधीच पाहिलेलं असतं. तासभरच हातात असेल तर आधी शेवटची परिशिष्टं. नाव, फ्लॅट नंबर, सर्व्हे नंबर, कार्पेट एरिया. इथली चूक नोंदणीनंतर सूची दोन या सरकारी उताऱ्यात जाऊन बसते, आणि मग चूक दुरुस्तीपत्रावर सही करायला बिल्डरला पुन्हा इथे आणायचं. पूर्ण पैसे पोचलेला बिल्डर! त्यापेक्षा देव लवकर पावतो.

मग रकमेचे आकडे आणि हप्ते. काका तोवर माझ्याच प्रतीवर पेन चालवत होते. "'विक्री'तला पहिला वि ऱ्हस्व हवा. बघा, दीर्घ केलाय." मी म्हटलं, "काका, घर मिळू द्या, वेलांटी मी लावतो." ते दुखावले, पण पेन थांबलं नाही.

तिसरी तपासणी ताब्याच्या तारखेची. बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या महारेरा प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख ३० जून २०२७. करारात ३१ डिसेंबर २०२८. दीड वर्ष गुपचूप वाढवलेलं! उशीर झाला तर मिळणारं व्याज किंवा पैसे परत घेण्याचा हक्क करारातल्या तारखेवरून मोजतात. म्हणजे त्या दीड वर्षात बिल्डर उशिरा नाहीच.

"सर, टायपिंग मिस्टेक," तो माणूस म्हणाला. वर्ष, महिना आणि दिवस, तिन्ही एकदम चुकणारं टायपिंग! व्याजाचं कलम पाहिलं: माझा हप्ता थकला तर दर मोठा, त्यांचा उशीर झाला तर छोटा. रेरा कायद्यात दोन्ही बाजूंना दर सारखाच हवा. हेही टायपिंगच असावं.

मी सही करणार नाही म्हटल्यावर तो कुजबुजला, "सर, स्टँप ड्युटी भरलीय, टोकन जाईल." जाऊ दे. टोकन दुसरं मिळतं. घाई माझी नव्हती, कायद्याची तर नव्हतीच. सही झाल्यावरही दस्त नोंदणीला आणायला चार महिने असतात.

पानं बदलून आणायला तो खालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला. परत आला तेव्हा पानांसोबत प्रिंटचं बिलही होतं, माझ्या नावाने. काकांनी ते हातात घेतलं, नीट वाचलं आणि म्हणाले, "यात मात्र एकही चूक नाही."