गोखरू, मेथी, माका आणि मावसभावाचे दोन रिपोर्ट

माझा मावसभाऊ घोडबंदर रोडला राहतो, वय ३४. मागे एकदा घरी आला आणि टेस्टोस्टेरॉनचे दोन रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. "दादा, बघ, ३२० वरून ४१०! तीन महिने पावडर घेतली." डब्यावर गोखरू, मेथी, माका. किंमत महिन्याला १८०० रुपये.

मी आधी रक्त दिल्याची वेळ बघितली. पहिलं संध्याकाळी ६:१० ला, ऑफिस सुटल्यावर, तेही वडापाव खाऊन. दुसरं सकाळी ८:२० ला, उपाशीपोटी. हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत दुपारी चारपर्यंत ते २०-२५ टक्के उतरलेलं असतं, आणि पोटात गोड-पिष्टमय गेलं की आणखी उतरतं. ४१० मधून २२ टक्के वजा करा, ३२० च येतात. म्हणजे पावडरीच्या नावावर जमा झालेली वाढ घड्याळानेही दिलेली असू शकते. म्हणूनच डॉक्टर सकाळची, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासणी सांगतात.

गोखरू म्हणजे आपले सराटे. २००५ मध्ये बल्गेरियात २१ निरोगी तरुणांवर प्रयोग झाला. काहींना कमी, काहींना दुप्पट मात्रा, काहींना औषध नसलेली बनावट गोळी. चार आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक शून्य. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंना पाच आठवडे रोज ४५० मिलिग्रॅम दिलं. ताकद सगळ्यांची वाढली, पण ती सरावाने. नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांचीही तेवढीच वाढली.

डब्यावरचा माका हा केसांच्या तेलातला आपला माका नव्हे, तो पेरू देशातला कंद. तिथल्याच चाचणीत १२ आठवडे दिल्यावर काही पुरुषांची इच्छा वाढली, पण टेस्टोस्टेरॉन जागचं हललं नाही. इच्छा वाढणं आणि हार्मोन वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरात त्या मुद्दाम एक करते. याचा मला मनापासून राग येतो.

मेथीचं मात्र तसं उडवून लावता येणार नाही. २०१६ च्या एका चाचणीत ४३ ते ७० वयाच्या १२० पुरुषांना रोज ६०० मिलिग्रॅम अर्क दिला, १२ आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं दिसलं. पण २०११ च्या चाचणीत तेवढ्याच मात्रेने इच्छा वाढली, हार्मोन नाही. यातल्या बऱ्याच चाचण्यांमागे अर्क विकणाऱ्यांचाच पैसा असतो. शिवाय तो ठरावीक अर्क असतो, डब्यात नेमकं काय आणि किती आहे ते कुठे लिहिलंय? आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मेथीच्या अर्काने साखर आणखी खाली जाऊ शकते, हे डब्यावर नव्हतंच.

भावाला म्हटलं, महिनाभर पावडर बंद कर आणि त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, उपाशीपोटी परत रक्त दे. काल रिपोर्ट आला. ४०२.