पंचेचाळीस सेकंद गप्प बसवत नाही का कुणाला?

काल संध्याकाळी मी दुखऱ्या गुडघ्याच्या व्यायामासाठी व्हॉलीबॉलच्या नेटच्या खांबाला पट्टा बांधून, त्याच्या फासात दोन्ही गुडघे मागून अडकवून, कोर्टाच्या कडेला अर्ध्या बैठकीत उभा होतो. तिसरा होल्ड, म्हणजे न हलता तसंच धरून बसणं. बत्तिसावा सेकंद. मांड्या लटलट कापतायत, घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर लोंबकळतोय, पुसायला हात मोकळा नाही. आणि नेमका तेव्हाच आमचा सेटर समोर येऊन कमरेवर हात ठेवून विचारतो, "काय रे, संडासाला बसलायस का?"

सगळे हसले. मीपण हसलो, आणि तिथेच घात झाला. हसताना पोट सैल पडतं, कंबर पुढे झुकते, होल्ड मोडतो. अडतीसाव्या सेकंदाला मी जमिनीवर. आता हा होल्ड धरायचा की नाही? पाच होल्ड, प्रत्येकी ४५ सेकंद, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असा माझा हिशोब. सात सेकंद कमी पडले म्हणून वाटीखालचं टेंडन, म्हणजे मांडीचा स्नायू नडगीला जोडणारी दोरी, काही बोलणार नाही, हे मला कळतं. पण मला चैन पडत नाही. मी तो होल्ड पुन्हा केला. त्याच्या एका विनोदापायी माझ्या मांड्यांनी ३८ सेकंद जादा भरले.

इथवर ठीक होतं. मग सेटरसाहेब म्हणाले, "नुसतं बसून गुडघा बरा होतो होय? मग आमच्या ऑफिसातले सगळे ठणठणीत असायला पाहिजेत." पुन्हा हशा. मग म्हणाले, "बघू, मला दे." दिला. पट्ट्यात गुडघे घातले, मागे रेलले, एकोणीस मोजले आणि पायांची थरथर लपवत उठले. "यात काय आहे?" अरे, मग उरलेले सव्वीस कुणी मोजायचे?

तरीही मी गप्प. पण निघताना त्याने बॅगेतून रबराचा लांब बँड काढला, माझा पट्टा खांबावरून सोडला आणि बँड बांधायला लागला. "हा घे, हा ताणतो, व्यायाम जास्त होईल." ताणतो! ताणला जायलाच नको म्हणून तर पट्टा घेतलाय ना! गुडघ्यामागचा पट्टा टणक असला की मागे रेलून बसता येतं, नडगी उभी राहते, धड सरळ राहतं आणि सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर, म्हणजे त्याच्या खालच्या टेंडनवर येतो. रबर लावलं की माणूस मागे-पुढे झुलत बसतो, तोल सांभाळण्यात निम्मी ताकद जाते आणि होल्ड 'होल्ड' राहत नाही. हे मी त्याला सांगितलं. आवाज जरा चढला असेल. "एवढं काय चिडतोस," म्हणाला. मी चिडलो नव्हतो. आता चिडलोय.

आणि चिडायला बसलोच आहे तर बाकीच्यांचाही हिशोब होऊन जाऊ दे.

"दीड महिना पूर्ण आराम कर" म्हणणारे सगळ्यात आधी. केला ना आराम! गेल्या वर्षी केला. सहा आठवडे उडी नाही, जिना नाही, नुसतं पाय पसरून बसणं. दुखणं गेलं, मी खूश. सातव्या आठवड्यात पहिल्याच सरावाला चार ब्लॉक मारले आणि वाटीच्या खालच्या टोकाला तोच खिळा पुन्हा ठोकला गेला. आरामाने दुखणं झोपतं, पण टेंडन आणि मांडी दोन्ही आणखी अशक्त होतात. ज्या टेंडनला उडी झेपत नाही, त्याला सहा आठवडे काहीच काम दिलं नाही तर सातव्या आठवड्यात ते कशाच्या जोरावर उडी झेलणार?

मग "स्ट्रेच कर, मांडी आखडलीय" म्हणणारे. टाच पार्श्वभागाला लावून एका पायावर उभं राहायचं आणि वाटीखाली जिथे दुखतं तिथेच आणखी ताण द्यायचा. केलं, दुखलं, तर म्हणाले, "मग नीट करत नाहीयेस."

मग "एमआरआय काढ" वाले. काढला. टेंडनमध्ये बदल दिसतात, असा रिपोर्ट आला. घरचे घाबरले. माझ्या दुसऱ्या गुडघ्याचा काढला असता तर त्यातही काही दिसलं असतं, कारण उड्या मारणाऱ्यांच्या बिनदुखऱ्या गुडघ्यातही असे बदल सापडतात. मला रिपोर्टपेक्षा बोट जास्त खरं वाटतं. वाटीच्या खालच्या टोकावर एकच बोट ठेवून "इथे" म्हणता येतं, आणि जितका भार जास्त तितकं दुखतं. गुडघाभर, सगळीकडे, कधीही दुखत असेल तर ते प्रकरण वेगळं. त्याला हा पट्टा लावून बसू नका.

आणि "वॉर्म-अप झालं की राहतं ना, मग खेळ की!" हे वाक्य ज्याने शोधलं त्याला माझ्या दारात आणा. या दुखण्याचा सगळ्यात नीच डाव हाच आहे. सुरुवातीला दहा मिनिटं टोचतं, मग अंग गरम झालं की गप्प. सामन्यात वाटतं, झालो बरे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

हे मी दुसऱ्यांना सांगतोय. स्वतःची गोष्ट ऐकायचीय?

पाच आठवडे मी शहाण्यासारखा वागलो. रोज सकाळी तिरप्या फळीवर, टाचेची बाजू वर, एका पायावर पाच सावकाश बैठका. पाचव्या बैठकीला वाटीखाली किती दुखलं, त्याचा दहापैकी आकडा वहीत. पहिल्या आठवड्यात पाच, कधी सहा. पाचव्या आठवड्यात आकडा तीनवर थांबला होता. होल्ड करताना तीनपर्यंत दुखलं तर चालतं. खरा निकाल दुसऱ्या दिवशीच्या सकाळी फळीवर लागतो. आकडा नेहमीच्याच पातळीवर असेल तर कालचं काम पचलं. चढला असेल तर जास्त झालं, मग ते कोर्टावर कितीही गोड वाटलेलं असो. इतकी सोपी गोष्ट.

रविवारी एक जण कमी पडला. "एकच सेट," म्हणाले. कुणी म्हणालं माहितीये? सेटरच. आणि मी, वही ठेवणारा, पट्टेवाला, रबरावर प्रवचन देणारा, "एकच ना?" म्हणून आत गेलो. पहिले सहा-सात गुण टोचलं, मग काहीच नाही. चोवीस-तेवीसला त्याने असा उंच सेट दिला की हात आपोआप वर गेला. मारला. गुण आला. रात्री काहीही दुखलं नाही. सोमवारी सकाळी फळीवर सहा. मंगळवारी पाच. बुधवारी चार. तीनवर यायला शुक्रवार उजाडला. एका स्मॅशपायी पाच दिवस. सेटरला शिव्या घालायला वही उघडली, तर रविवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: "बरं वाटतंय, हरकत नाही."

तर अब्रूचं हे असं आहे. तरीही मी चिडणारच.

कारण होल्डबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, यात काय आहे. दोन, जादू आहे. जादूवाल्यांचाही मला तितकाच राग आहे. २०१५ सालच्या एका अभ्यासात असे पाच होल्ड केल्यावर व्हॉलीबॉल खेळाडूंचं दुखणं तिथल्या तिथे जवळजवळ गायब झालं आणि निदान पाऊण तास गायब राहिलं. पाय सरळ करायच्या मशीनवर, एका पायाने, पूर्ण ताकदीच्या सुमारे ७० टक्के जोर लावून. पण ते खेळाडू होते अवघे सहा! आणि पुढच्या अभ्यासांत सगळ्यांना एवढा आराम पडला नाही. मला पाच होल्डनंतर तीनाचे दोन होतात, कधी तीनाचे तीनच राहतात. मी त्यासाठी करतच नाही. टेंडनला उडीचा झटका न देता मोठा भार देता येतो, आणि तोही रोज, एवढ्यासाठी करतो. शिवाय मांडीची ताकद घटत नाही.

भिंतीला टेकून बसणंही मी आधी करून पाहिलं. त्यात माझा उजवा पाय डाव्याचं काम चोरत होता आणि मला महिनाभर पत्ताच लागला नाही. दोन्ही पायांवर करताना दुखरा पाय हळूच हात काढून घेतो. शेवटी दोन पावलांखाली दोन वजनकाटे ठेवले तेव्हा चोरी पकडली गेली: उजवीकडे भरपूर, डावीकडे नावापुरतं. आता पट्ट्यात बसतानाही आधी डाव्या टाचेवर दाब आहे का ते बघतो, आणि जिममध्ये मशीन रिकामं मिळालं तर एकेका पायाने, गुडघा साधारण साठ अंशांत धरून.

आणि नाही, एवढ्यावर उडी मिळत नाही. होल्ड ही नुसती पहिली पायरी. त्यापुढे जड वजनाच्या सावकाश बैठका आणि लेग प्रेस, तीन-चार सेकंद वर, तीन-चार सेकंद खाली, दिवसाआड. लेग प्रेसवर एका पायाने स्वतःच्या वजनाच्या दीडपट वजनाचे आठ-आठचे चार सेट झाले की मग कुठे उड्या, त्याही सुरुवातीला दर तिसऱ्या दिवशी. सगळं मिळून महिने लागतात. मी सध्या एका पायाने माझ्या वजनाइतकंही ढकलत नाही. "कधी येतोस मग टीममध्ये?" असं दर दोन दिवसांनी विचारणाऱ्यांनी हा हिशोब स्वतः करावा.

आज सकाळी फळीवर तीन. संध्याकाळी पुन्हा खांब, पट्टा, पाच होल्ड. सेटरसाहेबांना काही बोलायचंच असेल तर मधल्या दोन मिनिटांत बोलावं. तेव्हा मला उत्तर देता येतं.