बीम नंतरही वाकतो: ‘वीसच्या आत ठेवा’ या फॉरवर्डला उत्तर

"स्पॅन भागिले डेप्थ २० च्या आत ठेवा, डिफ्लेक्शनचं टेन्शन संपलं. सेंटरिंग काढल्यावर बीम जेवढा वाकायचा तेवढा वाकतो, पुढे काँक्रीट मजबूतच होत जातं. नंतर भिंतीला क्रॅक आले तर ते प्लास्टरचे. तरी भीती वाटली तर काँक्रीटचा ग्रेड वाढवा."

हा मेसेज साईटवरच्या मुलांपासून डिझाईनवाल्यांपर्यंत सगळे पुढे ढकलतायत, म्हणून एक साधा बीम घेऊन आकडे मांडतो. स्पॅन ६ मीटर, दोन्ही टोकांना नुसता टेकलेला, २३० बाय ३५०, इफेक्टिव्ह डेप्थ ३१० मिमी, एम २५ काँक्रीट, खाली १६ चे ३ बार फे ५०० चे, वर फक्त हँगर. लोड मीटरला १० किलोन्यूटन, त्यातला ८ कायमचा, २ लाईव्ह. स्ट्रेंग्थमध्ये हा बीम पास होतो.

आधी २० चं बघू. ६००० भागिले ३१० म्हणजे १९.४, मेसेजप्रमाणे विषय संपला. पण आयएस ४५६ या आपल्या काँक्रीट कोडमधला २० हा बेसिक आकडा आहे, सुरुवातीचा, त्याला पुढे टेन्शन स्टीलचा फॅक्टर लागतो. आपल्या बीममध्ये स्टील ०.८५ टक्के आणि वर्किंग लोडला सळईतला ताण कोडच्या सूत्राने २९०, तिथे हा फॅक्टर साधारण ०.९ येतो, म्हणजे मर्यादा झाली १८ आणि बीम नापास. डेप्थच्या मानाने स्टील जेवढं जास्त लागतं आणि त्यातला ताण जेवढा जास्त तेवढा बीम जास्त वाकतो, फॅक्टरमागचं कारण एवढंच, आणि नेमकं कमी डेप्थच्या बीममध्येच स्टील जास्त घालावं लागतं. कॅन्टिलिव्हरला तर बेसिक आकडा ७ आहे, तिथेही २० लावणारे लोक मी बघितलेत, आणि ते खरंच धोक्याचं आहे. स्पॅन १० मीटरच्या वर गेला की रेशो अजून कमी करायचा असतो, तेही मेसेजमध्ये नाही.

आता सेंटरिंग काढल्यानंतरचं, इथे जरा थांबतो कारण खरी गडबड इथेच आहे. कायमचा लोड बीमवर बसलेला असतो तोवर वरच्या बाजूचं दाबातलं काँक्रीट हळूहळू आखडत राहतं, लोड तोच असला तरी. हा क्रीप. काँक्रीट वयाबरोबर मजबूत होतं हे खरंय, त्याने क्रीपचा वेग कमी होतो, पण तो थांबत नाही, वर्षानुवर्षं थोडा थोडा चालू राहतो आणि झालेला वाक मजबुती वाढली म्हणून परत वर येत नाही. आणि लोड किती कोवळ्या काँक्रीटवर टाकला यावर बरंच अवलंबून असतं, आयएस ४५६ मध्ये क्रीप कोइफिशियंट, म्हणजे लगेचच्या आखडण्याच्या किती पट काँक्रीट नंतर आखडणार तो आकडा, ७ दिवसांना २.२, २८ दिवसांना १.६ आणि १ वर्षाला १.१ दिलाय. म्हणजे प्रॉप घाईने काढले तर त्याचा हिशोब बीम पुढची काही वर्षं देत बसतो.

श्रिंकेजचं तर लोक नावच घेत नाहीत. काँक्रीट वाळताना सगळीकडूनच आकसतं, मग बीम वाकेल कशाने, असं वाटतं. पण खाली सळया आहेत, त्या आकसायला विरोध करतात, वरचं काँक्रीट मोकळं आकसतं, वरची बाजू आखूड आणि खालची लांब राहिली की बीमला पोट येणारच. लोड शून्य असला तरी येईल.

आपल्या बीमचा हिशोब आयएस ४५६ च्या अ‍ॅनेक्स सी ने केला, २८ दिवसांनी लोड धरून. पूर्ण लोडखाली लगेचचं डिफ्लेक्शन २२.७ मिमी, क्रीपचे ७ आणि श्रिंकेजचे अडीच, मिळून ३२ च्या वर. मर्यादा स्पॅन भागिले २५० म्हणजे २४. मेसेजवाल्याने सेंटरिंग काढल्यावर मोजलं असतं तर त्याला कायमच्या लोडचे फार तर १७ दिसले असते आणि तो खूष होऊन घरी गेला असता. क्रीप कोइफिशियंट १.६ आहे म्हणून डिफ्लेक्शन २.६ पट होईल असंही नाही बरं का, सळई क्रीप होत नाही आणि क्रॅक झालेल्या सेक्शनमध्ये बराच कडकपणा तिचाच असतो. पण अमेरिकन एसीआय कोडचा सोपा नियम ५ वर्षं आणि पुढे कायमच्या लोडच्या वाकाच्या दुप्पट वाक वरून धरायला सांगतो, वर कॉम्प्रेशन स्टील नसेल तर. तो धरला तर १७ वर अजून ३४ मिमी. दोन कोडच्या उत्तरांत एवढा फरक पडतो, त्यामुळे माझे ३२ म्हणजे अगदी वाईटातली वाईट केस असं समजू नका.

ग्रेड वाढवायचं सुचवणाऱ्यांनी हे एकदा स्वतः करून बघावं. एम २५ ऐवजी एम ४० घेतलं की काँक्रीटचा मॉड्युलस २५००० वरून ३१६०० होतो, सव्वापट, ऐकायला भारी. पण बीम क्रॅक झालेला आहे, मॉड्युलस वाढला की न्यूट्रल अ‍ॅक्सिस वर सरकतो आणि क्रॅक सेक्शनचा इनर्शिया घटतो, दोन्हींचा गुणाकार, म्हणजे बीमचा कडकपणा, फक्त ५ टक्क्यांनी वाढतो. क्रॅक उशिरा येतो एवढा थोडा फायदा. त्याच पैशात डेप्थ घ्या. हाच बीम ४५० केला, खाली १२ चे ४ बार, स्वतःचं वजन वाढलं तेही धरलं, तर तिन्ही मिळून १९ मिमी येतात आणि २४ च्या आत आरामात बसतात. डेप्थ वाढवताच येत नसेल, खाली खिडकी आहे, तर वरच्या बाजूला खरं कॉम्प्रेशन स्टील द्या. १६ चे २ बार वर दिले तर एसीआयचा तो दुपटीचा गुणक साधारण १.५६ वर येतो.

राहिले भिंतीचे क्रॅक. प्लास्टरचे क्रॅक असतात, नाही असं नाही, ते बारीक, जाळीसारखे आणि लवकर येतात. बीमचे वेगळे ओळखू येतात: बीमवरची भिंत मधोमध खालून सुटते आणि बीम आणि पहिल्या थरामध्ये आडवी फट पडते, किंवा सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखी तिरकी चीर टोकांकडे जाते, दरवाजा चौकटीत अडकायला लागतो, आणि हे काही महिन्यांनी सुरू होऊन वाढत राहतं. म्हणून तर कोडमध्ये दुसरी मर्यादा आहे, भिंती आणि फिनिश झाल्यानंतर होणारा वाक स्पॅन भागिले ३५० किंवा २० मिमी, जे कमी असेल ते, आपल्या बीमला १७ मिमी. भिंतीला आधीच्या वाकाशी काही देणंघेणं नसतं, ती बांधल्यानंतर बीम किती खाली गेला तेवढंच तिला सोसावं लागतं, त्यामुळे भिंत जितकी उशिरा बांधाल तितकं बरं.

शंका असेल तर भांडत बसू नका, मोजा. प्रॉप काढल्या काढल्या बीमच्या खालच्या बाजूला दोन टोकांत दोरा ताणून मधलं अंतर लिहून ठेवा, कारण सेंटरिंगच वाकडं असेल तर तो वाक क्रीपच्या नावावर जायला नको, आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी त्याच खुणांवर परत मोजा. आकडा वाढतोय का, आणि वाढीचा वेग कमी होतोय का, हे दोन्ही बघा. वेग कमी होत गेला तर क्रीप-श्रिंकेजचा नेहमीचा प्रकार आहे. वेग तसाच राहिला किंवा वाढला, किंवा टेकूजवळ तिरके क्रॅक दिसले, तर प्रॉप परत लावा आणि डिझाईनरला बोलवा.